9821चा फोन आता कुठे वाजतो?

मुंबईत मोबाईल आला 1995 साली. त्या पहिल्या वर्षांत ज्यांनी फोन घेतला त्यांना नंबर ऐकताक्षणी कंपनी कळायची. 9820 म्हणजे मॅक्सटच, पुढे तीच ऑरेंज आणि मग हच. 9821 म्हणजे बीपीएल, जिचं नाव नंतर लूप मोबाईल झालं. त्या काळी टेलिफोनचं यंत्रही नेमकं असंच ओळखायचं. कुणी 9821ने सुरू होणारा नंबर फिरवला, की यंत्र पहिले आकडे बघायचं, ही मालिका मुंबईतल्या बीपीएलची आहे हे कोष्टकात वाचायचं आणि कॉल त्या कंपनीच्या दारात नेऊन सोडायचं.

नोव्हेंबर 2014मध्ये लूपच्या परवान्याची मुदत संपली आणि कंपनीचं जाळं बंद झालं. ज्यांनी आधीच नंबर पोर्ट करून घेतला होता, त्यांचे 9821चे नंबर मात्र आजही चालतात. दादर-गिरगावात असे कितीतरी नंबर सापडतील. ज्या कंपनीची ती मालिका, ती कंपनीच उरलेली नाही आणि तरीही त्या नंबरावर फोन येतो. हे शक्य झालं ते भारताने पोर्टेबिलिटीसाठी निवडलेल्या पद्धतीमुळे. ती निवड फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या सिमकार्डात आपला मोबाईल नंबर कोरलेला असतो असं बहुतेकांना वाटतं. टॉवरशी बोलताना सिम जी ओळख सांगतं ती वेगळी असते. तिला आयएमएसआय म्हणतात आणि ती साधारण पंधरा आकड्यांची असते. भारतातल्या सिमची ही ओळख 404 किंवा 405ने सुरू होते, पुढच्या दोन-तीन आकड्यांत कंपनी आणि सर्कल, म्हणजे तिचा दूरसंचार-प्रदेश, असतो आणि उरलेले आकडे ग्राहकाचे. आपला दहा आकडी नंबर आणि ही ओळख यांची जोडी कंपनीच्या एका मोठ्या नोंदवहीत लिहिलेली असते. तिचं नाव एचएलआर, म्हणजे होम लोकेशन रजिस्टर. पोर्ट करताना आपण नवं सिम घेतो, म्हणजे ही ओळख पूर्ण बदलते. जुन्या कंपनीच्या नोंदवहीतली जोडी खोडली जाते आणि नव्या कंपनीच्या नोंदवहीत तोच दहा आकडी नंबर नव्या ओळखीशेजारी लिहिला जातो. आपल्याकडे राहतो तो फक्त नंबर.

आता अडचण अशी, की फोन करणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याचा कॉल योग्य नोंदवहीपर्यंत न्यायचा कसा?

जगात याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग, कॉल आधी मूळ कंपनीकडे जाऊ द्यायचा आणि तिने तो पुढे नव्या कंपनीकडे ढकलायचा. ब्रिटनने हा मार्ग धरला. चाळीतली खोली सोडून गेलेल्या भाडेकरूची पत्रं जुन्या पत्त्यावरच येत राहावीत आणि शेजाऱ्याने ती नव्या पत्त्यावर धाडावीत, तसं हे आहे. शेजारी आहे तोवर ठीक चालतं. दुसरा मार्ग, कॉल निघण्याआधीच, प्रत्येक वेळी, हा नंबर सध्या कुठे आहे ते विचारून घ्यायचं. भारताने हा दुसरा मार्ग घेतला. इथे मूळ कंपनी कॉलच्या वाटेत येतच नाही. पहिला मार्ग घेतला असता तर लूप बंद झाल्या दिवशी पोर्ट केलेले 9821चे नंबरही मुके झाले असते, किंवा त्यांच्यासाठी काहीतरी खास तजवीज करावी लागली असती.

विचारायचं कुणाला, तर एका सामायिक यादीला. देशाचे पोर्टेबिलिटीसाठी दोन विभाग केलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला ही यादी सांभाळणारी एक स्वतंत्र संस्था नेमलेली आहे. तिची कोणत्याही मोबाईल कंपनीशी बांधिलकी नसते. मुंबई आणि महाराष्ट्र ही दूरसंचाराच्या हिशेबात दोन वेगळी सर्कल आहेत, पण दोन्ही उत्तर-पश्चिम विभागातच मोडतात. यादीत फक्त पोर्ट झालेले नंबर असतात आणि प्रत्येकापुढे एक छोटा आकडा असतो. त्याला एलआरएन म्हणतात. दूरसंचार विभाग प्रत्येक कंपनीला प्रत्येक सर्कलसाठी वेगळा एलआरएन देतो, त्यामुळे त्या आकड्यावरून कंपनी आणि सर्कल दोन्ही कळतात. प्रत्येक फोनमागे मध्यवर्ती यादीकडे धाव घ्यायची तर फार वेळ जाईल, म्हणून प्रत्येक कंपनी या यादीची प्रत स्वतःकडे ठेवते आणि बदल आला की ती सुधारते. पुढे सांगणार आहे त्या बहुतेक तक्रारींचं मूळ या प्रतींमध्ये आहे.

एक कॉल पायरीपायरीने पाहू. दादरच्या मावशींचा नंबर 9821चा. लूप बंद होण्याआधी त्यांनी तो ‘क’ कंपनीत नेला आणि आता ‘क’मधून ‘ख’मध्ये. पुण्यातला भाचा त्यांना फोन करतोय, त्याचं सिम ‘ग’ कंपनीचं.

भाच्याने हिरवं बटण दाबलं, की ‘ग’चं यंत्र आपल्याकडच्या प्रतीला विचारतं, या नंबरापुढे काही लिहिलंय का? उत्तर येतं, ‘ख’चा मुंबईचा एलआरएन. ‘ग’ तो आकडा मावशींच्या नंबराच्या पुढे चिकटवते आणि कॉल सोडते. वाटेतली यंत्रं आता 9821कडे बघतच नाहीत, ती चिकटवलेला आकडा वाचतात आणि कॉल ‘ख’च्या मुंबईतल्या दारात येतो. तिथे आकडा काढून टाकला जातो आणि ‘ख’ आपल्या एचएलआरला विचारते, या बाई आत्ता कुठे आहेत? एचएलआरला एवढंच ठाऊक असतं, की मावशींचा फोन शेवटी कोणत्या स्विचच्या, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्राच्या, हद्दीत नोंदला गेला. समजा त्या नाशिकला बहिणीकडे गेल्या आहेत. मग एचएलआर नाशिककडच्या त्या स्विचकडून तात्पुरता एक नंबर मागून घेतो. हा नंबर फक्त या एका कॉलपुरता असतो. त्या नंबरावर कॉल नाशिकला पोचतो, तिथल्या भागातले टॉवर मावशींच्या सिमला हाक देतात, सिम ‘हो’ म्हणतं आणि घंटी वाजते. फोर-जीवरच्या कॉलमध्ये यंत्रांची नावं आणि निरोपांची भाषा बदलते, पण आधी यादीला विचारायचं आणि मग योग्य कंपनीच्या नोंदवहीत शोधायचं हा क्रम तोच राहतो. हे सगळं होतं काही सेकंदांत.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी अशी आहे. यादीत नंबर सापडला नाही तर यंत्र थांबत नाही. नोंद नाही म्हणजे हा नंबर पोर्ट झालेलाच नाही असं ते धरून चालतं आणि जुन्या पद्धतीने मालिका बघून कॉल सोडतं. न पोर्ट केलेल्या नंबरांसाठी हे बरोबरच आहे. पण एखाद्या कंपनीच्या प्रतीत मावशींची ओळ कधी चढलीच नाही, तर तिथून निघालेला कॉल बंद पडलेल्या लूपच्या दिशेने जातो. ‘क’चीच जुनी ओळ तिथे राहिली असेल तर तो ‘क’कडे जातो. आणि हे कुणाला कळतही नाही.

पोर्टिंगच्या दिवशी काय होतं ते बघितलं की चूक कुठे शिरते ते समजतं. आपण `PORT` लिहून, एक जागा सोडून पुढे आपला नंबर टाकून 1900ला संदेश पाठवतो, पात्र असलो तर आठ अक्षरांचा कोड येतो, तो नव्या कंपनीला देतो. इथवर सगळ्यांना माहीत आहे. ठरलेल्या वेळी मध्यवर्ती संस्था आधी जुन्या कंपनीला नंबर बंद करायला सांगते, मग नव्या कंपनीला चालू करायला, आणि शेवटी देशभरातल्या सगळ्या कंपन्यांना नवा एलआरएन कळवते. या काळात सुमारे चार तासांपर्यंत फोन मुका राहू शकतो. त्यानंतर नव्या सिमवर जाळं दिसायला लागतं आणि आपण समजतो, झालं काम.

झालेलं असतं फक्त आपल्या बाजूचं. नव्या सिमवरून बाहेर फोन लागतात, इंटरनेट चालतं, कारण त्यासाठी कुणालाही आपला नंबर शोधावा लागत नाही. येणारा कॉल मात्र फोन करणाऱ्याच्या कंपनीकडच्या प्रतीवर अवलंबून असतो. म्हणून पोर्टिंगमधली खरी बिघाडाची खूण अशी असते, की काहींचे फोन येतात आणि काहींचे येत नाहीत.

मावशींची तक्रार समजा अशी आहे. भाच्याचा फोन येतो, सोसायटीच्या सेक्रेटरींचा येतो, पण लेकीचा येत नाही. लेक अजून जुन्या ‘क’ कंपनीतच आहे. तिला काय ऐकू येतं ते विचारायचं. ‘फोन बंद आहे’ असं ऐकू येत असेल, तर बहुधा ‘क’ने आपल्या नोंदवहीतली जुनी जोडी खोडलेलीच नाही. लेकीचा कॉल ‘क’च्या आतच फिरतो, जुन्या सिमला शोधतो, आणि ते सिम तर जाळ्यावर नाही. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असं ऐकू येत असेल, तर जोडी खोडली गेली आहे, पण ‘क’च्या प्रतीत नवा एलआरएन चढलेला नाही. कंपन्यांच्या ध्वनिमुद्रित वाक्यांत फरक असतो, त्यामुळे याला पक्का पुरावा म्हणू नये, पण शोध सुरू करायला ही खूण पुरेशी आहे.

लेकीऐवजी सगळ्यांचेच फोन बंद असतील तर दोष ‘ख’च्या नोंदवहीत किंवा सिममध्ये शोधायचा, यादीत नव्हे.

यासाठी पोर्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी घरातल्या आणि ओळखीतल्या प्रत्येक कंपनीच्या एकेका फोनवरून स्वतःला कॉल करून बघावा. एमटीएनएलची लँडलाइन असेल तर तिच्यावरूनही, कारण तिच्या एक्सचेंजलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. तक्रार करताना ‘फोन येत नाहीत’ एवढंच सांगितलं तर ग्राहक सेवेतला माणूस सिम काढून घाला, फोन बंद करून चालू करा, हेच सांगेल आणि त्यात त्याची चूक नाही. त्याऐवजी कोणत्या कंपनीच्या कोणत्या नंबरावरून, किती वाजता, काय ऐकू आलं हे सांगावं. नव्या कंपनीकडे तर सांगावंच, शिवाय जिथून फोन लागत नाही त्या कंपनीच्या ग्राहकालाही त्याच्या कंपनीकडे तक्रार करायला लावावी, कारण चुकीची प्रत तिच्याकडे असते आणि ती दुरुस्त करणं तिच्याच हातात असतं.

एसएमएसचंही असंच. बँकेचा ओटीपी पाठवणाऱ्या यंत्रणेलाही आधी योग्य नोंदवही शोधावी लागते, आणि तिथली प्रत शिळी असेल तर फोन सगळे येतात पण एकाच बँकेचा ओटीपी येत नाही. परदेशातून येणाऱ्या फोनचं तुलनेने सोपं आहे. तिथल्या कंपनीला आपली यादी माहीत असण्याची गरज नसते, तो कॉल भारतात घेणारी आंतरराष्ट्रीय कंपनी यादी बघून तो पुढे पाठवते. परदेशी एसएमएसला मात्र दरवेळी असा दारावरचा मदतनीस मिळेलच असं नाही. पाठवणारी यंत्रणा बऱ्याचदा नंबराची मालिका बघून थेट मूळ कंपनीच्या नोंदवहीला विचारते, आणि तो प्रश्न वाटेत कुणी योग्य कंपनीकडे वळवला नाही तर संदेश हरवतो. परदेशी बँक किंवा विद्यापीठ पोर्ट केलेल्या नंबरावर कोड पाठवत असेल आणि तो येत नसेल, तर त्यांच्याकडे ईमेलवर किंवा व्हॉइस कॉलवर कोड मागायची सोय आहे का ते आधी बघावं.