सेकंदाला ०.४५ मीटर हा आकडा आला कुठून?

इंजेक्शनच्या बाटल्या भरतात त्या जागी वरून येणारी हवा सेकंदाला ०.४५ मीटर वेगाने उतरावी, हे निर्जंतुक औषधांच्या विभागात काम करणाऱ्याला पाठ असते. हा आकडा औषधांसाठी शोधलेलाच नव्हता.

१९६० च्या आधी स्वच्छ खोली म्हणजे गाळलेली हवा आत सोडून आतली धूळ विरळ करत राहणे. हवा खोलीभर घुसळत राहायची आणि माणसाच्या अंगावरून सुटलेला कण कुठेही जाऊन बसायचा. अमेरिकेतल्या सँडिया या अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी ही रीतच बदलली. बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरची सलग रांग लावून हवा एकाच दिशेने खोलीतून जाऊ दिली आणि खालच्या जाळीतून बाहेर काढली. धूळ विरळ होण्याऐवजी झाडून निघू लागली. १९६३ च्या डिसेंबरात स्वच्छ खोल्यांसाठीचे अमेरिकेचे मानक, फेडरल स्टँडर्ड २०९, आले. ‘क्लास १००’ म्हणजे घनफुटात अर्धा मायक्रॉन व त्याहून मोठे जास्तीत जास्त १०० कण. अशा खोल्यांसाठी हवेचा वेग मिनिटाला ९० फूट धरला जाऊ लागला, म्हणजेच आपले ०.४५.

वर्ग ही कणांची मोजणी आहे, वेग हे तिथवर पोचण्याचे साधन. पण दोन्ही इतके चिकटले की २००१ मध्ये २०९ रद्द झाल्यावरही वेग टिकला. त्याच्या जागी आलेल्या आयएसओ १४६४४-१ या आंतरराष्ट्रीय मानकातला वर्ग ५, म्हणजे जुना क्लास १००, घनमीटरला त्याच आकाराचे ३,५२० कण एवढेच सांगतो. वेगाची अट घालत नाही. अॅनेक्स १ या निर्जंतुक औषधांच्या युरोपीय नियमावलीत मात्र ग्रेड ए, म्हणजे सर्वांत स्वच्छ जागेसाठी, कामाच्या जागी ०.३६ ते ०.५४ असा मार्गदर्शक पल्ला आहे. तो म्हणजे जुन्या ०.४५ च्या वीस टक्के खाली-वर.

हिशेब करून पाहा. फिलिंग मशीनवर ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद फिल्टरछत असेल, तर ३.६ चौरस मीटर गुणिले ०.४५, म्हणजे तासाला सुमारे ५,८०० घनमीटर हवा लागते. उंची अडीच मीटर धरली तर तासाला साधारण ६५० वेळा हवा बदलते. हा आकडा छाप पाडतो, पण एकदिश प्रवाहात त्याला फारसा अर्थ नाही. हवा उघड्या बाटलीपर्यंत वाटेत कशालाही न शिवता पोचते का, हे पाहायचे असते.

म्हणून मी वेगाच्या नोंदीआधी धुराच्या चाचणीचे चित्रीकरण मागतो. फिल्टरखाली ०.४५ नीट मिळतो, कणमापकही शांत असतो, आणि तरी बुचांच्या भांड्याच्या रुंद काठाखाली धूर गोल फिरून हातमोज्याकडून बाटलीच्या तोंडाकडे वळताना दिसतो. तिथे पंख्याचा वेग वाढवून काही साधत नाही, उलट भोवरा जोर धरू शकतो. भांडे बाजूला सरकवावे लागते, काठ अरुंद करावा लागतो किंवा हवा परत जाण्याची जाळी आणखी खाली न्यावी लागते, आणि मग यंत्र चालू ठेवून, ऑपरेटरला हात घालायला लावून, तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते.