शिडी तीच, भिंत तीच, रीत कोणती?

ही तीन गणितं वाचा. सोडवायची गरज नाही, कोणतं कसं सुटेल एवढंच मनात ठरवा.

5 मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे आणि तिचा पाय भिंतीपासून 3 मीटरवर आहे. शिडी भिंतीला किती उंचीवर टेकते?

6 मीटर लांबीची शिडी जमिनीशी 60 अंशांचा कोन करते. ती किती उंचीवर टेकते?

शिडीचं वरचं टोक बरोबर भिंतीच्या माथ्याला लागलं आहे. भिंतीची सावली 4.5 मीटर पडली आहे आणि त्याच वेळी शेजारच्या 2 मीटर उंचीच्या काठीची सावली 1.5 मीटर. शिडीचं वरचं टोक किती उंचीवर आहे?

पहिल्याला पायथागोरसचा सिद्धांत लागतो: 25 मधून 9 वजा केले की 16, म्हणून उंची 4 मीटर. दुसऱ्यात कोन दिलेला आहे, त्यामुळे साइन वापरायचा आणि उत्तर सुमारे 5.2 मीटर. तिसऱ्यात शिडीच्या लांबीचा संबंधच नाही. काठी आणि तिची सावली, भिंत आणि तिची सावली असे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. सावली तिप्पट आहे म्हणजे उंचीही तिप्पट, 6 मीटर. यातला हिशोब कुणालाही जमेल असा आहे. अडचण असलीच तर कोणती रीत लावायची हे ओळखण्यात आहे.

आता पाठ्यपुस्तकात ही गणितं कुठे भेटतात ते पाहा. पहिलं पायथागोरसच्या प्रकरणात, त्याच्यासारख्याच डझनभर गणितांच्या रांगेत. दुसरं त्रिकोणमितीत, तिसरं समरूपतेत. एक प्रकरण संपवून मग दुसरं घ्यायचं, अशी बहुतेकांची अभ्यासाची पद्धत असते. याला आपण एकगठ्ठा सराव म्हणू. त्यात पायथागोरसचं चौथं गणित समोर येईपर्यंत ते नीट वाचण्याचीही गरज उरलेली नसते. दोन आकडे उचलायचे, वर्ग करायचे, बेरीज की वजाबाकी तेवढं पाहायचं आणि वर्गमूळ काढायचं. गणिताचा जो निम्मा भाग परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतः करावा लागतो, तो इथे प्रकरणाच्या मथळ्याने आधीच करून दिलेला असतो. परीक्षेच्या कागदावर मथळा नसतो.

उलट, तिन्ही प्रकरणांची गणितं एकमेकांत मिसळून सोडवली तर प्रत्येक वेळी आधी थांबून विचार करावा लागतो. हा आलटूनपालटून सराव. तो किती उपयोगी पडतो, हे अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे डग रोरर आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं तपासत आहेत. 2007 साली रोरर आणि केली टेलर यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यात फार बोलका आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. या आकृती सहसा शाळेत शिकवत नाहीत, म्हणून सगळ्यांची सुरुवात सारखीच होती. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणितं मिसळून सोडवली.

सरावाच्या वेळी एकगठ्ठा गटाची 89 टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळलेल्या गटाची 60 टक्के. तिथेच प्रयोग थांबवला असता तर निकाल उघड होता. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा एकगठ्ठा गट 20 टक्क्यांवर घसरला आणि दुसरा गट 63 टक्क्यांवर, म्हणजे सरावात होता जवळपास तिथेच राहिला.

माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा आकडा 63 नसून 89 आहे. अभ्यास करताना विद्यार्थ्याला दिसतो तो हाच आकडा. वहीत ओळीने बरोबरच्या खुणा दिसल्यावर ‘हे प्रकरण झालं’ असं वाटणार नाही तर काय? नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी 2008 मध्ये असाच फसवा अनुभव चित्रांच्या बाबतीत दाखवला. लोकांना बारा चित्रकारांची निसर्गचित्रं दाखवून त्यांच्या शैली ओळखायला शिकवलं. काही चित्रकारांची चित्रं सलग दाखवली, काहींची मिसळून. मिसळून पाहिलेल्या चित्रकारांची नवी चित्रं लोकांनी जास्त अचूक ओळखली. तरीही कशाने जास्त शिकलात असं विचारल्यावर बहुतेकांनी सलग पाहण्यालाच कौल दिला, आणि तोही परीक्षा दिल्यानंतर!

इथे एक शंका रास्त आहे. गणितं मिसळली की एकाच प्रकारच्या दोन गणितांमध्ये आपोआप अंतर पडतं, आणि अंतर ठेवून उजळणी केली की जास्त लक्षात राहतं हे तर जुनंच ज्ञान. मग श्रेय मिसळण्याला द्यायचं की अंतराला? टेलर आणि रोरर यांनी 2010 साली साधारण दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात हे दोन्ही वेगळे केले. एकगठ्ठा गटाच्या गणितांमध्येही त्यांनी भलतीच कामं घालून तितकंच अंतर ठेवलं. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत मिसळलेल्या गटाला 77 टक्के मिळाले आणि एकगठ्ठा गटाला 38. चुका तपासल्यावर कारणही सापडलं. एकगठ्ठा गटातल्या मुलांना सूत्रं येत होती, पण एका गणिताचं सूत्र ती दुसऱ्याला लावत होती. ओळखण्याच्या या चुका मिसळलेल्या गटात जवळजवळ नव्हत्याच.

अंतराचा फायदा खोटा आहे असा याचा अर्थ नाही. रोजच्या अभ्यासात दोन्ही फायदे एकत्रच पदरात पडतात. एकगठ्ठा सरावात रीत मघाचीच असल्याने डोक्यात तयार असते. मध्ये दुसऱ्या प्रकाराची तीन गणितं गेली की तीच रीत पुन्हा आठवून काढावी लागते, आणि या आठवून काढण्यानेच ती पक्की होते. प्रयोगशाळेबाहेरही हे टिकतं का, हे पाहायला रोरर आणि सहकाऱ्यांनी 2020 साली 54 वर्गांतल्या 787 सातवीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गणितं सगळ्यांना तीच, फक्त क्रम वेगळा. महिनाभराने न सांगता घेतलेल्या परीक्षेत मिसळलेल्या गटाचे गुण 61 टक्के होते आणि एकगठ्ठा गटाचे 38.

म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं एकत्र कालवायचं का? तसं करू नये. जी रीत अजून कळलेलीच नाही, ती दुसऱ्या दोन न कळलेल्या रितींमध्ये मिसळली तर हाती गोंधळच येतो. सुरुवातीची थोडी गणितं सलग सोडवणं बरं. शिडीच्या तीन प्रकरणांचंच उदाहरण घेऊ. प्रत्येकाची 12 गणितं आहेत, एकूण 36. पहिल्या दिवशी पायथागोरसची फक्त 4 सोडवा आणि उरलेली 8 पुढे ढकला. ते अर्धवट सोडल्यासारखं वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या दिवशी समरूपतेची 4 आणि पायथागोरसची 2. तिसऱ्या दिवशी त्रिकोणमितीची 4, शिवाय आधीच्या दोन्हींची दोन-दोन. आता 18 उरली: पायथागोरसची 4, समरूपतेची 6, त्रिकोणमितीची 8. त्यांचे दोन समान वाटे करून चौथ्या आणि पाचव्या दिवशी 9-9 सोडवा, पूर्ण मिसळून. एकही गणित जास्त झालं नाही. वेळ मात्र थोडा जास्त लागेल, कारण विचार करायला वेळ लागतोच.

मिसळताना एक पळवाट बंद करायला हवी. पुस्तक उघडून गणित पाहिलं की पानावरचा मथळा दिसतो आणि उत्तर फुटतं. म्हणून गणितं सुट्या कागदांवर उतरवून घ्या आणि कागद पिसून घ्या. तेवढ्यानेही नेहमी भागत नाही. त्रिकोणमितीच्या गणितातच फक्त अंश दिलेले असतील, तर डोकं ‘अंश दिसले की साइन’ असा सोपा नियम करून मोकळं होतं. अशा वेळी गणितात किंचित फेरफार करा. सावलीच्या गणितात ‘सूर्यकिरण जमिनीशी सुमारे 53 अंशांचा कोन करत आहेत’ असं एक वाक्य घाला. काठीच्या आकड्यांशी ते जुळतं, आणि उत्तर काढायला लागत मात्र नाही. जे हे वाचूनही शांतपणे सावल्यांचं गुणोत्तर घेतात, त्यांना दिलेली माहिती आणि लागणारी माहिती यातला फरक कळला आहे.

हा उपाय सगळीकडे सारखा लागू पडत नाही. माथियास ब्रुनमायर आणि टोबियास रिश्टर यांनी 2019 साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात चित्रांना मिसळण्याचा चांगला फायदा होता, गणिताला थोडा, आणि शब्द शिकताना तर एकगठ्ठा पद्धतच सरस ठरली. तर्कही समजण्यासारखा आहे. मिसळल्याने शेजारच्या दोन गोष्टींमधला फरक डोळ्यांत भरतो. सलग पाहिल्याने एकाच गटातल्या गोष्टींमधलं साम्य सापडतं. फरक ओळखणं कठीण असेल तिथे मिसळा, साम्य शोधणं कठीण असेल तिथे सलग ठेवा. आणि ज्यांची एकमेकांत गल्लत होण्याची शक्यताच नाही, उदाहरणार्थ इतिहासातल्या सनावळ्या आणि बीजगणित, ती मिसळून ओळखण्याच्या बाबतीत काही हाती लागत नाही. मिसळण्यासाठी विषय निवडताना मी एकच प्रश्न विचारेन: परीक्षेत यातलं एक दुसऱ्यासारखं वाटू शकतं का?

मिसळलेल्या सरावात गुण कमी पडतात, त्यामुळे आपलं बरं चाललंय की वाईट हे नुसत्या गुणांवरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक चुकीपुढे एक खूण करा: रीत चुकली की हिशोब चुकला. साइनऐवजी पायथागोरस लावला तर ‘रीत’. साइनच लावला पण 60 अंशांच्या जागी 30 अंशांची किंमत घेतली तर ‘हिशोब’. रितीच्या चुका जास्त असतील तर आणखी मिसळा, आणि ज्या दोन प्रकारांत गल्लत होते त्यांची गणितं लागोपाठ ठेवा. एखाद्याच प्रकरणात हिशोबाच्या चुका सतत होत असतील, तर मिसळणं तिथे आणखी काही करणार नाही. ते प्रकरण बाजूला काढून त्याची चार-पाच गणितं सलग सोडवावीत आणि मग पुन्हा गठ्ठ्यात टाकावं.