मनगटाचा पीळ आणि ट्विस्ट बोनची गोष्ट

हात टेबलावर उताणा ठेवा आणि मग पालथा करा. फिरलं ते मनगट, असं वाटतं. पण दुसऱ्या हाताने कोपराच्या जरा पुढे पकडून हेच केलं, तर तिथली कातडी जेमतेम हलते, मधली थोडी फिरते आणि मनगटाजवळची जवळपास पूर्ण फिरते. रेडियस हे हाड अल्नावरून तिरकं ओलांडून जातं म्हणून असं होतं. मनगटाच्या सांध्याला स्वतःला हा पीळ फारसा घेताच येत नाही. त्रिमितीय पात्रांच्या सांगाड्यात मात्र कोपर ते मनगट बहुतेकदा एकच बोन असतो आणि हात पालथा करायचं काम पंजाच्या बोनवर पडतं. पुढची सगळी भानगड या सोयीतून उभी राहिली.

हाडांच्या हालचालीनुसार मेश, म्हणजे पात्राची बिंदूंनी विणलेली कातडी, वाकवण्याची कल्पना रुळली त्यात १९८८ चा एक शोधनिबंध महत्त्वाचा: नादिया मॅग्नेना-थालमान आणि सहकाऱ्यांचा, विषय हाताच्या पंजाचं अ‍ॅनिमेशन. त्यानंतर सर्वत्र पसरलेली लिनियर स्किनिंगची रीत साधी आहे. एखादा बिंदू अर्धा फोरआर्मचा, अर्धा पंजाचा असेल, तर दोन्ही बोन त्याला कुठे नेतात ते काढायचं आणि सरासरी घ्यायची. वाकण्यात हे बऱ्यापैकी खपतं, पिळण्यात नाही. वर्तुळावरच्या दोन बिंदूंची सरासरी वर्तुळावर पडत नाही, आत पडते. दोन बोनच्या फिरण्यातला फरक θ असेल, तर त्रिज्या cos(θ/2) पट उरते. मनगटाची त्रिज्या ३ सेंमी धरली, तर पंजा ९०° फिरल्यावर ती २.१ उरते, १२०° ला १.५, आणि १८०° ला शून्य. दोन्ही टोकं पिळलेल्या चॉकलेटच्या कागदावरून या दोषाला ‘कँडी रॅपर’ म्हणतात.

उपाय दोन दिशांनी आले. २००० साली लुईस, कॉर्डनर आणि फाँग यांनी ठरावीक पोझसाठी दुरुस्त आकार मिसळण्याची पद्धत मांडली. २००३ मध्ये मोर आणि ग्लायकर यांनी गणित तेच ठेवून सांगाड्यातच जादा सांधे घातले, त्यांतले काही शेजारच्या सांध्याचा अर्धाच फिरा घेणारे. पिळासाठी घातलेला असा जादा बोन म्हणजेच ट्विस्ट बोन. वरच्या १२०° च्या उदाहरणात मध्ये ६०° वर एक बोन बसवला, तर शेजारी-शेजारी फरक ६०° चाच राहतो आणि सर्वांत बारीक जागी त्रिज्या २.६ सेंमी मिळते. ४०° आणि ८०° वर दोन बसवले तर २.८. पहिल्या बोनने केवढा फरक पडला आणि दुसऱ्याने किती थोडा, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तरी खेळांमध्ये हे बोन सढळ हाताने वापरणं सुरुवातीला परवडत नव्हतं. मेशचे बिंदू हलवणाऱ्या ग्राफिक्स कार्डवरच्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे व्हर्टेक्स शेडरच्या, १.१ आवृत्तीत हमखास मिळणारे कॉन्स्टंट रजिस्टर ९६, आणि एका बोनला तीन लागायचे. म्हणजे कॅमेरा, दिवे सोडूनसुद्धा एका वेळी ३२ बोन. बोटं की ट्विस्ट, असा तो हिशेब होता.

२००७ मध्ये कावान आणि सहकाऱ्यांनी ड्युअल क्वाटर्नियन स्किनिंग आणलं. त्यात पिळताना त्रिज्या घटत नाही. मग ट्विस्ट बोन मोडीत का निघाले नाहीत? माझ्या मते, कारण आकसणं हा निम्माच दोष होता. वेट, म्हणजे प्रत्येक बिंदूवरचे बोनचे वाटे, मनगटाभोवतीच्या दोन बोटं रुंद पट्ट्यातच मिसळलेले असतील, तर सगळा पीळ त्याच पट्ट्यात अडकतो. मेश चिमटत नाही, पण टेक्स्चर तिथेच ओढलं जातं आणि बाहीच्या रेषा मनगटाशी एकदम वळतात. पीळ कुठे पसरावा, हे गणित सांगत नाही, बोन सांगतात. अनरियल या गेम इंजिनच्या चौथ्या आवृत्तीतल्या मॅनेक्विन या नमुना पात्रामध्ये `lowerarm_twist_01_l` आणि `upperarm_twist_01_l` असे एकेक होते, अनरियल ५ मध्ये ते दोन-दोन झाले.

दंडाचा मामला उलटा आहे. फोरआर्ममध्ये फिरा पुढच्या टोकाकडून येतो म्हणून तो वाटून द्यायचा. दंडाचा बोन खांद्यातूनच अख्खा फिरतो आणि खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूची कातडी सोबत ओढतो. म्हणून खांद्याजवळच्या ट्विस्ट बोनने तो फिरा पूर्ण उलटवायचा, मधल्याने अर्धा, कोपराशी काहीच नाही. माझ्याकडे एकदा आलेल्या रिगमध्ये फोरआर्मची जोडणी तशीच दंडाला उतरवलेली होती. चिन्ह उलटवायचं राहिलं होतं. हात फिरवला की खांदा दुप्पट पिळायचा आणि आधी आम्ही दोन दिवस वेटच रंगवत बसलो.

दुसरी ठेच फिरा मोजण्यात लागते. पंजाचं नुसतं `rotateX` वाचलं, तर मनगट वाकल्यावर रोटेशन ऑर्डरनुसार आकडा भरकटतो आणि बोन झटका खातो. त्याऐवजी फिरणं चार आकड्यांत मांडणाऱ्या क्वाटर्नियनमधून बोनच्या लांबीच्या अक्षाभोवतीचा भागच वेगळा काढतात. तो अक्ष X असेल तर:

```
twist = 2 * atan2(q.x, q.w)
```

यालाही मर्यादा आहे. १८०° ओलांडताना उत्तर उलट बाजूला उडी मारतं. म्हणून शून्य मोजायचं ते अंगठा वर असलेल्या मधल्या स्थितीपासून, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ९०° च वापरात येतात.

तपासायला हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक सरळ रेष असलेलं टेक्स्चर लावा आणि पंजा ९०° फिरवा. रेष सबंध लांबीत हळूहळू कलली पाहिजे. ती सरळ जाऊन मनगटाशी मोडत असेल, तर ट्विस्ट बोन फिरत असूनही वेट अजून फोरआर्म आणि पंजा यांच्यातच वाटलेले आहेत.