बाजाराचा मंगळवार आणि कबड्डीची साखळी

सहा संघ, मैदान एकच, रोज रात्री तीन सामने. साखळी पद्धतीत १५ लढती, म्हणजे पाच रात्री. हिशेब सरळ वाटतो म्हणून मंडळाच्या बैठकीत जोड्या 'बसतील तशा' लावतात. पहिल्या तीन रात्री वाडीच्या तीन संघांना गावठाणातल्या तिघांशी खेळवलं की फसलंच. आता वाडीचे तिघे आपापसात उरतात, गावठाणातले आपापसात. तिघांत रोज एक जण रिकामा राहणार, म्हणून रात्री दोनच सामने आणि एक रात्र जास्त.

त्यापेक्षा १ ते ६ आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडा. वर १, २, ३ आणि त्यांच्याखाली ६, ५, ४. समोरासमोरचे आकडे खेळणार. दुसऱ्या फेरीला १ जागेवरच ठेवून बाकीचे पाच घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवा. वर १, ६, २ आले आणि खाली ५, ४, ३. असं पाच फेऱ्या केलं की प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी एकदाच पडते. बुद्धिबळ स्पर्धांतले बर्जर तक्ते याच घराण्यातले. संघ पाचच असले तर सहावी चिठ्ठी 'सुट्टी'.

खरी गंमत पुढे आहे. दोन संघांची पोरं मंगळवारच्या बाजारात माल विकायला जातात, तिसऱ्या संघाच्या गावात गुरुवारी जत्रा. कोणत्या संघाला कोणता आकडा आणि कोणत्या वारी कोणती फेरी, हे दोन्ही आपल्या हातात असतं. बाजारवाल्या दोघांना २ आणि ५ द्या. २-५ ही जोडी पहिल्या फेरीत येते, तर तीच फेरी मंगळवारी ठेवा. गैरहजर दोघे एकमेकांसमोरच असल्याने त्या रात्रीतून एकच सामना निघून पुढे जातो. १-६ आणि ३-४ बिनघोर होतात. त्यांना वेगवेगळ्या जोड्यांत टाकलं असतं तर दोन सामने बुडाले असते.

जत्रेवाल्यांना ४ द्या आणि दुसरी फेरी गुरुवारी खेळवा. तिथून ४-६ निघतो. मागे राहिलेल्या २-५ आणि ४-६ मध्ये एकही संघ सामाईक नाही, त्यामुळे शनिवारी दोन्ही एकाच रात्री उरकतात. गुरुवारी चौथी फेरी घेतली असती तर निघाला असता २-४, आणि शनिवारी २ नंबरवाल्यांना दोनदा उतरावं लागलं असतं. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळून दमलेली पोरं पुन्हा चढाई काय करणार?

उरलेले तीन आकडे खुशाल चिठ्ठ्या टाकून वाटा. देवाच्या कौलाला तेवढीच जागा ठेवावी. अमावस्येला खेळत नाही म्हणणारा संघ गणिताच्या लेखी बाजारवाल्यासारखाच. फरक इतकाच, की बाजारात निदान चार पैसे मिळतात.

एकाच दिवशी तीन संघ नाहीत म्हणाले, तर मात्र ही युक्ती अपुरी पडते. दोघांना समोरासमोर आणलं तरी तिसरा चौथ्या कोणाला तरी घेऊन बुडतो. म्हणजे किमान दोन सामने पुढे जाणारच, मग आकडे कसेही वाटा.