प्राङ्न्याय आणि मुद्द्याचा प्रतिबंध : गोव्यातील कूळ-प्रकरणे व रिट अर्ज

एकदा सक्षम अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकून निकाली काढलेला वाद त्याच पक्षांनी पुन्हा उभा करू नये, हा प्राङ्न्यायाचा (रेस ज्युडिकाटा) नियम. मुद्द्याचा प्रतिबंध (इश्यू एस्टॉपल) त्याहून अरुंद असतो. दुसरा अर्ज वेगळ्या मागणीचा असला तरी पहिल्या प्रकरणात ठरलेला एखादा मुद्दा त्यात आड येतो. पहिला नियम अख्खे दार लावतो, दुसरा एकच खिडकी. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 मध्ये पहिला नियम लिहिलेला आहे. मामलेदारापुढचा अर्ज हा दिवाणी दावा नव्हे, आणि 1976 च्या दुरुस्तीने कलम 141 ला जोडलेल्या स्पष्टीकरणामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालचा, उच्च न्यायालयातला रिट अर्जही संहितेच्या साच्याबाहेर राहिला. तरीही दोन्हीकडे नियमाचे तत्त्व चालते, कारण न्यायालये त्याला कलमाच्या शब्दांपेक्षा जुने आणि व्यापक मानतात. मळ्याच्या जमिनीवरील कमाल मर्यादेच्या वादात, होप प्लँटेशन्स प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अर्धन्यायिक मंडळाच्या निर्णयाला लावली.

गोव्यात ही संहिता 15 जून 1966 पासून लागू आहे. त्याआधीच्या पोर्तुगीज कायद्यात हीच कल्पना ‘काझु झुल्गादु’ म्हणजे ‘निवाडा झालेले प्रकरण’ या नावाने होती.

गोव्यात हा नियम सर्वाधिक कसाला लागतो तो शेतजमिनीच्या वादांत. गोवा, दमण व दीव कृषी कूळवहिवाट अधिनियम, 1964 प्रमाणे एखादा माणूस कूळ आहे की नाही हे कलम 7 खाली मामलेदार ठरवतो. त्याच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील होते, पुढे प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी, आणि शेवटी पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट अर्ज. 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने 20 एप्रिल 1976 हा ‘कसणाऱ्याचा दिवस’ ठरला. त्या दिवशी जो कूळ होता, तो जमिनीचा खरेदीदार मानला गेला. दोन पिढ्यांचे वाद या एका तारखेभोवती फिरतात.

नियम कसा लागतो हे समजण्यासाठी एक काल्पनिक, पण तालुक्याच्या कचेरीत सहज भेटेल असे प्रकरण घेऊ. पेडणे तालुक्यातला एक भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या भातशेतात राबणारा एक माणूस. 1974 मध्ये या माणसाने कलम 7 खाली अर्ज केला की मी कूळ आहे. मामलेदाराने साक्षी घेतल्या, जागा पाहिली आणि लिहिले : ‘अर्जदार दिवसाच्या मजुरीवर काम करीत असे. खंड दिल्याचा पुरावा नाही. तो कूळ नाही.’ अपील फेटाळले गेले. पुढे काही झाले नाही. 1995 मध्ये त्याचा मुलगा शेत खरेदी करून मिळावे, किंमत ठरवावी असा अर्ज घेऊन आला. भाटकाराने जुन्या निकालाची सर्टिफाइड कॉपी समोर ठेवली.

मुलाचे वकील म्हणाले की खरेदीचा हक्कच 1976 मध्ये जन्माला आला, मग 1974 चा निकाल त्याला कसा अडवील? हा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. हक्क नवा आहे, म्हणून संपूर्ण प्राङ्न्याय लागत नाही. पण तो हक्क ‘कूळ’ या जुन्याच पायावर उभा आहे, आणि बाप 1974 पर्यंत मजूर होता हा मुद्दा त्याच दोन पक्षांत (मुलगा बापाचाच वारस) ठरलेला आहे. तेवढी खिडकी बंद. 1974 नंतर आणि 20 एप्रिल 1976 पूर्वी नव्याने खंड ठरला, पावती मिळाली, असे काही मुलाला दाखवता आले, तर ती नवी घटना आहे आणि ती जुन्या निकालाच्या कक्षेत येत नाही. अशी नवी घटना अर्जात तारखेनिशी लिहिलेली नसेल, तर ‘आम्ही कायम कसत आलो’ हे वाक्य जुनेच प्रकरण पुन्हा मांडणे होते. कागद वाचताना नेमकी हीच जागा आधी तपासावी.

आता मामलेदाराने चूक केली होती असे समजू. भाटकाराच्या वहीतल्या खंडाच्या नोंदी त्याने पाहिल्याच नाहीत. तरीही निकाल बांधतो. चुकीचा निकाल अपिलातच दुरुस्त व्हायचा; वीस वर्षांनी दुसऱ्या अर्जात नव्हे. कायद्याला हे कठोर वाटत नाही, मला मात्र कित्येकदा वाटते, कारण सत्तरच्या दशकात अपिलाची मुदत गावातल्या माणसाला कळायच्या आत संपून जात असे.

मात्र निकाल देणाऱ्याला तो प्रश्न ठरवण्याचा अधिकारच नसेल तर गोष्ट बदलते. 1970 च्या मथुरा प्रसाद प्रकरणात मुंबईच्या बोरीवली भागातील मोकळ्या जमिनीचा वाद होता. भाडे-नियंत्रण कायदा अशा जमिनीला लागू नाही, असे आधी ठरले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायद्याने न दिलेला अधिकार चुकीच्या निकालाने मिळत नाही, आणि दिलेला काढूनही घेता येत नाही. म्हणून अधिकारकक्षेचा निव्वळ कायदेशीर प्रश्न पुन्हा तपासता येतो. गोव्यात याचा नेहमीचा अवतार असा : भाटकाराने दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागितला आणि न्यायाधीशाने ओघात ‘प्रतिवादी कूळ नाही’ असे लिहिले. कुळाचा प्रश्न कायद्याने तेव्हा मामलेदाराकडे दिलेला असल्यास ते वाक्य मामलेदाराला बांधत नाही. उलट, 2014 च्या दुरुस्तीने हे प्रश्न काही काळ दिवाणी न्यायालयांकडे गेले होते आणि नंतर परत मामलेदारांकडे आले. म्हणून जुना निकाल हातात आला की पहिला प्रश्न हाच : त्या तारखेला हा विषय कोणाच्या अखत्यारीत होता?

दुसरा गोंधळ एक-चौदाच्या उताऱ्याचा. भूमी महसूल संहिता, 1968 खालच्या या उताऱ्यात कुळाच्या रकान्यात नाव चढलेले असते, आणि लोक ते निकालासारखे दाखवतात. कलम 105 प्रमाणे अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. ती पुरावा आहे, निवाडा नव्हे. तोच मामलेदार फेरफार मंजूर करतो आणि कलम 7 खाली वादही ठरवतो. खुर्ची एक, भूमिका दोन. पहिल्या भूमिकेतल्या आदेशाने प्राङ्न्याय उभा राहत नाही. परवाना देणे, नूतनीकरण नाकारणे असे आदेशही साधारणतः याच बाजूला पडतात, कारण त्यांत दोन पक्षांचा वाद ऐकून हक्क ठरवलेला नसतो.

रिट अर्जांकडे वळू. 1961 च्या दर्याव प्रकरणात मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी पाच न्यायाधीशांच्या पीठातर्फे जी कसोटी लिहिली, ती आजही चालते. उच्च न्यायालयाने गुणावगुण पाहून अर्ज फेटाळला असेल तर तोच वाद अनुच्छेद 32 खाली सर्वोच्च न्यायालयात पुन्हा नेता येत नाही. पण विलंबामुळे किंवा अपिलाचा पर्याय शिल्लक आहे म्हणून फेटाळला असेल तर प्रतिबंध नाही. कारणे न देता थेट दाखल टप्प्यावरच फेटाळला असेल, तर आदेशातून गुणावगुण ठरल्याचे दिसत नाही, आणि म्हणून तोही सहसा बांधत नाही. म्हणजे सगळे आदेशाच्या शब्दांवर आहे. ‘ऐकले. नामंजूर.’ आणि ‘ऐकले. मामलेदाराचे निष्कर्ष पुराव्यावर आधारित आहेत. हस्तक्षेपाचे कारण नाही. नामंजूर.’ या दोन ओळींत पूर्ण प्रकरणाचा फरक आहे.

आपल्या उदाहरणातला मुलगा मामलेदाराकडे हरला, अपिलातही हरला आणि सरळ रिटमध्ये गेला. न्यायालयाने फेरतपासणीचा पर्याय आहे म्हणून परत पाठवले. त्याने काही बिघडले नाही. न्यायाधिकरणात हरून तो पुन्हा आला, यावेळी कारणांसह अर्ज फेटाळला गेला. आता तिसरा अर्ज आला : सुनावणीत आम्हाला साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली नाही. हा मुद्दा दुसऱ्या अर्जात घेता आला असता, म्हणून तो घेतलाच होता असे मानले जाते. याला अन्वयार्थी प्राङ्न्याय म्हणतात. 1977 च्या नवाब हुसेन प्रकरणात उत्तर प्रदेशच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने बडतर्फीविरुद्ध रिटमध्ये ‘संधी दिली नाही’ एवढेच मांडले, आणि हरल्यावर दाव्यात ‘मला काढणारा अधिकारी कनिष्ठ होता’ हे मांडले. सर्वोच्च न्यायालयाने ते अडवले. रिट अर्ज लिहिताना मुद्दे राखून ठेवण्याची सवय इथे महागात पडते.

अर्ज मागे घेणे हा वेगळा सापळा. नव्याने अर्ज करण्याची मुभा न मागता रिट मागे घेतला तर, सरगुजा ट्रान्सपोर्ट (1986) प्रमाणे, अनुच्छेद 226 खाली तोच अर्ज पुन्हा चालत नाही. कारण प्राङ्न्यायाचे नव्हे, लोकनीतीचे. म्हणून इतर उपाय, उदाहरणार्थ दावा, त्याने आपोआप बंद होत नाहीत. वकिलाने घाईत ‘मागे घेतो’ म्हणावे आणि रोजनाम्यात मुभेचा शब्द नसावा, हे वारंवार होते.

फेरसुनावणीत हा नियम एकाच प्रकरणाच्या दोन टप्प्यांतही लागतो. न्यायाधिकरणाने ‘खंडाचा मुद्दा सिद्ध झाला, आता क्षेत्रफळ मोजा’ म्हणून प्रकरण खाली पाठवले, तर मामलेदार खंडाकडे पुन्हा पाहू शकत नाही. मात्र वरच्या न्यायालयाला तो दरवाजा बंद होतोच असे नाही. सत्यध्यान घोषाल (1960) प्रकरणानुसार, अंतरिम स्वरूपाच्या फेरसुनावणी-आदेशावर तेव्हा अपील केले नसले तरी अंतिम निकालावरील अपिलात त्यातील चूक दाखवता येते. निकालाचा एक भाग अंतिम झाला की केवळ पुढच्या टप्प्यासाठी होता, हे पुन्हा आदेश वाचूनच ठरते.

काही क्षेत्रांत नियम मुळातच सैल आहे. बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धच्या बंदीप्रत्यक्षीकरण अर्जाला तो आडवा येत नाही. नव्या कारणांवर पुन्हा अर्ज करता येतो. कराच्या बाबतीत प्रत्येक वर्ष स्वतंत्र मानले जाते, तरी वस्तुस्थिती तीच असताना खात्याने दरवर्षी भूमिका बदलावी हेही न्यायालयांना मान्य नाही. जनहित याचिकेत आधीची याचिका प्रामाणिकपणे लढवलेली होती का, हे पाहिले जाते. फॉरवर्ड कन्स्ट्रक्शन प्रकरणापासून ही अट कायम आहे. आणि निकाल कपटाने मिळवलेला असेल, उदाहरणार्थ मयत भाटकाराच्या नावे नोटीस बजावल्याचे दाखवून, तर त्याला अंतिमतेचे संरक्षण नाही. मात्र हे कपट कोणत्या कागदावरून दिसते हे अर्जात स्पष्ट लिहावे लागते. मामलेदाराच्या कचेरीतल्या जुन्या फायलीत नोटिशीच्या पाठीमागचा शेरा, सहीऐवजी अंगठा, आणि मृत्युनोंदणीची तारीख हे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवले की बहुधा उत्तर तिथेच मिळते.