ताणलेली तार आणि पेटीतला इलेक्ट्रॉन: आकृती एक, हिशेब दोन

‘पार्टिकल इन अ बॉक्स’चा धडा उघडला की एक आकृती हमखास भेटते. दोन उभ्या भिंती, त्यांच्यामध्ये एक कमान, तिच्या वर दोन कमानींची लाट, त्याच्याही वर तीन कमानींची. दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेच्या कंपनांची आकृती हुबेहूब अशीच असते, त्यामुळे विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतात: हे तर आपल्याला येतं. अर्धं खरंच येतं. गोंधळ उरलेल्या अर्ध्यात होतो, आणि तो परीक्षेत फारसा पकडलाही जात नाही, कारण सूत्र पाठ असलं की उत्तर बरोबर येतं.

आधी दोन्हींत खरोखर सारखं काय आहे ते पाहू. तारेची टोकं बांधलेली आहेत, म्हणून तिथे ती हलू शकत नाही. पेटीच्या भिंती अभेद्य मानलेल्या आहेत, म्हणून भिंतीपाशी इलेक्ट्रॉनचं वेव्ह फंक्शन, म्हणजे त्याची लाट, शून्य असावी लागते. दोन्हीकडे अट एकच: L लांबीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येनेच बसल्या पाहिजेत. एक, दोन, तीन. अडीच चालणार नाहीत. म्हणजे तरंगलांबी 2L, मग L, मग 2L/3, एकंदरीत 2L/n. इथपर्यंत क्वांटम असं काहीही घडलेलं नाही. ‘ठरावीकच आकार चालतात’ ही गोष्ट बंदिस्त लाटेची आहे, मग ती कशाचीही असो.

वाटा फुटतात त्या पुढच्या पायरीवर. तरंगलांबी ठरली, आता तिच्यावरून वारंवारता किंवा ऊर्जा काढायची आहे.

तारेवर लाटेचा वेग तारेचा ताण आणि वजन यांवर ठरतो. तरंगलांबीशी त्याचा संबंध नसतो. म्हणून लांबी निम्मी झाली की वारंवारता दुप्पट. मूळ कंपन ११० हर्ट्झचं असेल तर पुढची २२०, ३३०, ४४० अशी सारख्या अंतराने येतात.

इलेक्ट्रॉनसाठी द ब्रॉयने १९२४ साली मांडलेला नियम लागतो: संवेग म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले तरंगलांबी. तरंगलांबी 2L/n असेल तर संवेगाचं माप nh/2L. पेटीच्या आत स्थितिज ऊर्जा शून्य धरली आहे, तेव्हा सगळी ऊर्जा गतिज, म्हणजे p²/2m. संवेगाचा वर्ग होतो आणि त्याच्याबरोबर n चाही:

E = n²h²/8mL²

समीकरण सोडवण्याआधीच सूत्र हाती आलं. त्यातला n² पेटीतून आलेला नाही, हे नीट पाहून ठेवावं. पेटीने फक्त n दिला. वर्ग आला तो ऊर्जा आणि संवेग यांच्यातल्या नात्यातून. पडताळा घ्यायचा असेल तर त्याच लांबीच्या दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडून पाहा. फोटॉनची ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात असते, pc. अर्ध्या लाटा बसवायची अट तीच, पण फोटॉनच्या ऊर्जा nhc/2L, तारेसारख्या सारख्या अंतराच्या. ‘क्वांटम म्हणजे n²’ असं ज्यांच्या डोक्यात बसलं आहे त्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः लिहून काढावं.

आता आकडे घालू. पेटी १ नॅनोमीटर रुंद आणि आत एक इलेक्ट्रॉन. सूत्रातून पहिली पातळी साधारण ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, दुसरी तिच्या चौपट म्हणजे १.५०, तिसरी नऊपट म्हणजे ३.३८. दुसरीवरून पहिलीवर उतरताना १.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात. त्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ११०० नॅनोमीटर, अवरक्त भागातली. तिसरीवरून दुसरीवर उतरताना १.८८, म्हणजे सुमारे ६६० नॅनोमीटर, लाल. पेटी निम्मी केली तर सगळ्या ऊर्जा चौपट होतात. तार निम्मी केली तर वारंवारता फक्त दुप्पट होते.

पण दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक n आणि n² चा नाही. तो ‘ऊर्जा’ या शब्दामागे आहे.

तारेत ठरावीक असते ती वारंवारता. ऊर्जा ठरावीक नसते. ११० हर्ट्झची तीच तार हळू छेडा किंवा जोरात छेडा. कंपनाची उंची बदलते, ऊर्जा बदलते, वारंवारता तीच राहते. (काटेकोर बोलायचं तर तारेच्या ऊर्जेतही पायऱ्या आहेत, पण ११० हर्ट्झला एक पायरी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाख-कोटीव्या भागाहूनही लहान पडते. ती दिसण्याचा प्रश्नच नाही.) म्हणून तारेच्या आकृतीत कमान किती उंच काढायची हे काढणाऱ्याच्या हाती असतं.

इलेक्ट्रॉनच्या आकृतीत तसं नसतं. वेव्ह फंक्शनच्या मापाचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची संभाव्यता, आणि पेटीभरातल्या संभाव्यतांची बेरीज १ च यायला हवी. उंची त्यावरून ठरून जाते. ‘जोरात छेडलेला’ इलेक्ट्रॉन नावाची चीज नाही. ऊर्जा बदलायची तर लाटेचा आकारच बदलावा लागतो, आणि आकार मोजकेच आहेत. ऊर्जापातळ्या येतात त्या अशा: बंदिस्त लाट ठरावीक आकार देते, ऊर्जा आकारावरच अवलंबून असते, आणि उंची वाढवून ऊर्जा चोरून वाढवण्याची पळवाट संभाव्यतेच्या बेरजेने बंद केलेली असते. या तिन्हींपैकी एक काढा, पातळ्या गेल्या.

‘सगळ्यात खालच्या पातळीतही ऊर्जा शून्य का नाही’ हा नेहमीचा प्रश्नही याच धाग्याने सुटतो. तारेला शांत राहता येतं: उंची शून्य, काम संपलं. इलेक्ट्रॉनची उंची शून्य केली तर सगळीकडे संभाव्यता शून्य, म्हणजे पेटीत इलेक्ट्रॉनच नाही. तो आहे म्हटल्यावर लाट काहीतरी असणार, दोन्ही भिंतींपाशी ती शून्यावर येणार, म्हणजे मध्ये वाकणार. आणि वाकलेली लाट म्हणजे गतिज ऊर्जा. सर्वांत कमी वाकून चालण्याची किंमत ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अनिश्चितता तत्त्वावरूनही हेच कळतं, पण ते उत्तर घोकून दिलेलं फार ऐकू येतं; वाकण्याचा युक्तिवाद डोळ्यांना दिसतो.

आणखी एक सापळा आकृतीतच आहे, आणि मला वाटतं पाठ्यपुस्तकांनी त्याकडे फार कमी लक्ष दिलं आहे. तार वर-खाली हलते. प्रत्येक आवर्तनात दोनदा ती पूर्ण सपाट होते. तीच हालचाल मनातल्या मनात इलेक्ट्रॉनच्या कमानीला दिली की विचित्र प्रश्न पडतात: कमान सपाट झाली त्या क्षणी इलेक्ट्रॉन कुठे असतो? तो कुठेही जात नाही, कारण ही कमान सपाट होतच नाही. वेव्ह फंक्शन ही संमिश्र संख्या असते. एका पातळीत असताना काळाबरोबर तिची फक्त कला फिरते, घड्याळाच्या काट्यासारखी. काट्याची लांबी तीच राहते. पुस्तकात काढलेली कमान ही त्या लांबीची आहे (खाली-वर चिन्हासकट). संभाव्यता म्हणजे लांबीचा वर्ग, म्हणून ती क्षणभरही बदलत नाही. या अवस्थेला ‘स्थिर’ म्हणतात ते यासाठी. तारेच्या लाटेला आपण ‘स्थिर तरंग’ म्हणतो, पण तिथे स्थिर असतात ते निस्पंद बिंदू. तार स्वतः हलतच असते.

निस्पंदाचा प्रश्नही इथेच मिटतो. दुसऱ्या पातळीत पेटीच्या मधोमध संभाव्यता शून्य; मग इलेक्ट्रॉन डावीकडून उजवीकडे जातो कसा? एका पातळीत तो ये-जा करत नसतो. हलणारं काहीच नाही, तेव्हा ओलांडायचंही काही नाही.

मग हालचाल दिसते कधी? दोन पातळ्या मिसळल्या की. पहिली आणि दुसरी सारख्या प्रमाणात मिसळल्या तर त्यांचे काटे वेगवेगळ्या वेगाने फिरतात. कधी डावीकडे दोघांची बेरीज होते आणि उजवीकडे वजाबाकी, कधी उलट. संभाव्यतेचा ढीग पेटीत डावी-उजवी हेलकावे घेऊ लागतो, दोन पातळ्यांतली ऊर्जा भागिले h या वारंवारतेने. आपल्या पेटीसाठी ही वारंवारता येते सेकंदाला साधारण २.७×१०¹⁴ हेलकावे. वर काढलेल्या ११०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता काढून पाहा, तीच आहे. हेलकावणारा विद्युतभार आपल्याच वारंवारतेचा प्रकाश टाकतो.

मिश्रणाच्या बाबतीतही तार आणि इलेक्ट्रॉन यांत एक ठळक भेद आहे. तार छेडली की तिच्या ऊर्जेचा काही वाटा पहिल्या कंपनात, काही दुसऱ्यात जातो, आणि दोन्ही वाटे एकाच वेळी तारेत असतात. निम्म्या-निम्म्या मिश्रणातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली तर एकदा ०.३८ येईल, एकदा १.५०. त्यांची सरासरी ०.९४, पण ०.९४ हा आकडा एकाही मापनात येणार नाही. उत्तरपत्रिकेत ‘मिश्र अवस्थेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा ०.९४ असते’ असं लिहिलेलं दिसलं तर समजावं की तारेचं चित्र अजून डोक्यातून गेलेलं नाही.

शेवटी भिंतींकडे येऊ, कारण खऱ्या पेटीच्या भिंती अभेद्य नसतात. तीच १ नॅनोमीटरची पेटी घ्या, पण भिंती फक्त ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच ठेवा. आता वेव्ह फंक्शन भिंतीपाशी शून्य होत नाही. त्याची शेपटी थोडी बाहेर उतरते. लाटेला जणू जास्त जागा मिळते, ती कमी वाकते, म्हणून पातळ्या खाली सरकतात: ०.३८ ऐवजी सुमारे ०.२५, १.५० ऐवजी ०.९८, ३.३८ ऐवजी २.१. वरच्या पातळ्यांचं प्रमाणही १:४:९ राहत नाही, थोडं दबतं. आणि चौथी पातळी नाहीच. तेवढी ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉन पेटीत बांधलेला उरत नाही. तिसऱ्या पातळीकडे आणखी एकदा पाहा: अभेद्य भिंतींच्या सूत्राने ती ३.३८ वर, म्हणजे भिंतीच्याही वर पडत होती, आणि त्यावर विसंबलो असतो तर ती नाहीच असं ठरवून मोकळे झालो असतो. पाठ केलेलं सूत्र कुठे लावू नये याची ही खूण आहे: काढलेली ऊर्जा भिंतीच्या उंचीच्या जवळ गेली की अभेद्य भिंतीचं उत्तर फक्त अंदाज म्हणून धरायचं.

क्वांटम डॉट्समध्ये, ज्यांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे सगळं एकत्र दिसतं. काही नॅनोमीटरचा अर्धवाहकाचा कण लहान होत गेला की त्याचा प्रकाश लालकडून निळ्याकडे सरकतो, कारण पेटी आखडली की पातळ्या वर चढतात. मात्र निव्वळ 1/L² धरून हिशेब केला तर लहान कणांसाठी उत्तर जास्त येतं. भिंती मर्यादित उंचीच्या असतात, इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा एकमेकांना ओढतात. शिवाय m च्या जागी स्फटिकातलं परिणामी वस्तुमान घालावं लागतं. कॅडमियम सेलेनाइडमध्ये ते मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या साधारण ०.१३ पट असतं, म्हणून तिथे १ नॅनोमीटरपेक्षा बऱ्याच मोठ्या पेटीतही पातळ्या पुरेशा लांब राहतात.