राउटर रीस्टार्ट आणि साप्ताहिक रीबूट

मोडेम किंवा राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्याच्या रॅममधले सारे काही पुसले जाते, फ्लॅश मेमरीतले मात्र जसेच्या तसे राहते. वायफायचा पासवर्ड, पोर्टच्या नोंदी, फर्मवेअर आणि त्यातल्या चुका हे सगळे फ्लॅशमध्ये असते. रॅममध्ये चालू प्रोग्रॅम, साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसची साठवण, उपकरणांचे पत्ते, बहुतेक वेळा लॉग आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे कनेक्शनचा तक्ता असतो. ‘बंद करून चालू केल्यावर नेट सुधारले’ या अनुभवामागे पुष्कळदा हा तक्ताच असतो.

घरातली सगळी उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर बोलतात. आलेले उत्तर कोणत्या फोनचे, हे कळावे म्हणून राउटर प्रत्येक कनेक्शनची एक ओळ तक्त्यात लिहून ठेवतो. कनेक्शन रीतसर बंद झाले की ती ओळ लवकरच काढली जाते. पण फोन खिशात घालून माणूस घराबाहेर पडला, वायफाय तुटले, की बंद झाल्याचा निरोप राउटरपर्यंत येत नाही आणि ओळ मुदत संपेपर्यंत पडून राहते. अनेक राउटर लिनक्सवर चालतात आणि लिनक्समध्ये जुळलेल्या टीसीपी कनेक्शनची मूळ मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस आहे. घरगुती राउटरसाठी ही मुदत फारच सैल आहे.

समजा, तक्त्यात १६,३८४ ओळींची जागा आहे आणि दर ३० सेकंदांना एक ओळ अशी बेवारस राहते. दिवसाला २,८८० ओळी साचतात. पाचव्या दिवसाअखेर १४,४०० होतात आणि तिथेच थांबतात, कारण आता जुन्या ओळींची मुदत संपू लागते. उरलेल्या १,९८४ जागा एखाद्या टॉरेंटने सहज भरतात. त्यानंतर दिसणारे लक्षण ठळक असते: चालू व्हिडिओ कॉल नीट चालतो, पण नवीन पान उघडत नाही. संपूर्ण नेटच बंद असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. राउटरवर लॉगिन करता येत असेल, तर पुढील दोन आकडे ताडून पाहावेत:

```
cat /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_count
cat /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_max
```

पहिला आकडा दुसऱ्याला भिडला असेल आणि लॉगमध्ये `nf_conntrack: table full, dropping packet` असे दिसत असेल, तर निदान पक्के. या उदाहरणात आठवड्याचा रीबूट अपुरा ठरतो: सहावा आणि सातवा दिवस त्रासातच जातो. खरा इलाज मुदत कमी करण्याचा आहे. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर ती ७,४४० सेकंदांवर ठेवते. त्याच वेगाने तेव्हा फक्त २४८ बेवारस ओळी साचतील आणि रीबूटची गरजच राहणार नाही. कंपनीच्या बंद फर्मवेअरमध्ये ही मुदत बहुधा बदलता येत नाही. तिथे, किंवा एखादा प्रोग्रॅम रोज थोडी रॅम गिळत असेल तिथे, ठरावीक वेळचा रीबूट हाच उपाय उरतो. मात्र अंतर कॅलेंडरवरून न ठरवता बिघाडाच्या गतीवरून ठरवावे. पाच दिवसांनी अडणारा राउटर चौथ्या दिवशी रीबूट करावा.

सुरक्षेसाठीही साप्ताहिक रीबूट सुचवला जातो. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०२३ मध्ये घरगुती राउटरसाठी तशी शिफारस केली. त्याचा उपयोग मर्यादित आहे. २०१६ मधला मिराई हा घातक प्रोग्रॅम फक्त रॅममध्ये राहत असे, त्यामुळे रीस्टार्टने जाई. पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत येई. २०१८ मधल्या व्हीपीएनफिल्टर या तशाच प्रोग्रॅमचा पहिला टप्पा तर रीबूटनंतरही टिकत होता. कोणी डीएनएसची सेटिंग बदलून ठेवली असेल, तर तीही फ्लॅशमध्ये असल्यामुळे तशीच राहते.

वेळ पहाटेची निवडावी. लॉग पुसले जातात, त्यामुळे दोष शोधणे चालू असेल तोवर आपोआप रीबूट लावू नये. पीपीपीओई, म्हणजे राउटर प्रदात्याकडे लॉगिन करतो अशा जोडणीत प्लग उपटण्यापेक्षा मेनूतून केलेला रीबूट बरा. तो प्रदात्याला सत्र संपल्याचे कळवतो, नाहीतर जुने सत्र तिकडे काही वेळ जिवंत राहून नवे लॉगिन अडू शकते.

ओपनडब्ल्यूआरटीवर वेळापत्रक लावताना एक खोच आहे. बहुतेक राउटरांत बॅटरीवरचे घड्याळ नसते. सुरू होताना ते `/etc` मधल्या सर्वांत नव्या फाइलची वेळ धरतात. ती वेळ रीबूटच्या मिनिटाची निघाली, तर राउटर पुन्हा पुन्हा रीबूट होत राहतो. म्हणून सोमवारी पहाटे ४:३० साठी क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमची ओळ अशी लिहितात:

```
30 4 * * 1 sleep 70 && touch /etc/banner && reboot
```

७० सेकंद थांबल्याने फाइलवर ४:३१ ची वेळ पडते आणि ४:३० पुन्हा येत नाही.